पर्सा सांभाळणाऱ्या बाईचा फोटो

आमच्या माधवनगरच्या मराठी मंडळाच्या कथा-गटात कथा कमी लिहिल्या जातात आणि कथांवरून होणारे किस्सेच जास्त. रविवारची बैठक संपली की एक तरी नवीन किस्सा घेऊनच मी घरी येते. मैत्रिणींना सांगते, त्या पोट धरून हसतात. आधी मी पण हसायचे.

•

गटाचे अध्यक्ष नाना. रेल्वेतून रिटायर झालेले. मंडळाच्या वार्षिक अंकाचे संपादकही तेच. म्हणजे तक्रार घेऊन जायचं तर त्यांच्याचकडे!

एकदा मी सुचवलं, प्रत्येकाने कुणाचा तरी एक फोटो घ्यायचा आणि त्यावरून पात्र तयार करायचं. अट एकच, पात्र म्हणजे फोटोतला माणूस नाही. फोटोतून ठिणगी घ्यायची, माणूस उचलायचा नाही.

"सोप्पं आहे," नाना म्हणाले.

पुढच्या रविवारी, त्यांच्याच घरच्या बैठकीत, त्यांनी बळवंतराव नावाच्या गृहस्थाची कथा वाचली. बळवंतराव देवास गेटजवळ राहतात, पिवळी स्कूटर चालवतात, डाव्या पायाने जरासे लंगडतात आणि जेवताना फार बोलतात. दुसऱ्या वाक्यालाच नानांच्या बायकोने आतून ओरडून विचारलं, "माझ्या भावाची काय टिंगल लावलीय?"

नाना शांतपणे म्हणाले, "नाव बदललंय ना!"

•

मला मिळाला मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा फोटो. मधे नटूनथटून बसलेल्या बायका आणि अगदी कडेला, अर्धवट कापली गेलेली एक बाई. सगळ्यांच्या पर्सा तिच्या दोन्ही हातांत. फोटो काढून होईपर्यंत धरायला दिलेल्या. चष्मा, हनुवटीवर तीळ, निळी साडी. मी तिला ओळखत नव्हते.

आधी मी स्वतःला विचारलं, फोटोत खरंच काय दिसतंय आणि मी काय धरून चाललेय? पर्सा दिसतात. ती बिचारी आहे, साधी आहे, हे दिसत नाही. ते माझ्या डोक्यातलं! ते आधी बाजूला काढलं.

मग फोटोतून एकच गोष्ट घेतली, दुसऱ्यांच्या वस्तू सांभाळणारे हात. फोटो आईच्या कपाटात ठेवून दिला आणि लिहून होईपर्यंत परत बघितला नाही. समोर असला की हात आपोआप तीळ लिहायला लागतो.

चेहरा टाकला, वय टाकलं, साडी टाकली. चाल घेतली कॉलेजच्या लायब्ररीतल्या मॅडमची, हसणं माझ्या मामेबहिणीचं. नाव ठेवलं रत्ना. अविवाहित, माझ्याएवढी, मंदिराबाहेर भाविकांचे मोबाईल जमा करायच्या खिडकीवर बसणारी. आणि फोटो जे कधीच सांगू शकत नाही ते तिला दिलं, एक हाव. तिला वाटतं, आपल्यालाही कुणीतरी फोन करावा. एक दिवस ती खिडकीतला वाजणारा फोन उचलते. पलीकडची म्हातारी तिला सून समजून बोलत राहते. रत्ना फोन बंद करते, ओढणीआड लपवते आणि खिडकी तशीच उघडी टाकून निघून जाते.

होय, चोरी करते. ती चोरीच माझी कथा होती. अशी कथा याआधी मला जमली नव्हती.

•

बैठकीत वाचली. कुसुमकाकू, ज्यांना मंडळातल्या प्रत्येक घराची इत्थंभूत माहिती असते, त्यांनी मी कपाटातून काढून आणलेला फोटो हातात घेतला आणि कथेशी ताडून बघायला लागल्या.

"चष्मा कुठाय?"

"काकू, ती रत्ना आहे. तिला चष्मा नाही."

"पण फोटोत आहे! आणि ही तर आपली मीना. हिचं लग्न झालंय, दोन मुलं आहेत. तू निरीक्षणात कच्ची आहेस, मुक्ता."

म्हणजे मी जितकं मुद्दाम बदललं, तितके माझे मार्क कापले!

•

पण आता नाव कळलंच होतं, तर म्हटलं भेटून येऊ. फ्रीगंजला मीनाकाकूंच्या घरी गेले. फोटो दाखवला, कथा वाचायला दिली, आणि म्हटलं, कुठेही तुम्ही दिसलात तर सांगा, मी तेवढं काढते.

त्यांनी ओट्याशी उभं राहून सगळी वाचली. मग हसल्या.

"ही मी कुठे? मला तर अनोळखी नंबर आला तरी धडकी भरते. मी हिला ओळखत पण नाही गं." मग कागद परत देत, "पण चांगली आहे मुलगी. पळाली ते बरं केलं."

मी उड्या मारत घरी आले. पात्र स्वतःच्या पायावर उभं आहे, याचा याहून चांगला दाखला कुठला?

फक्त निघताना त्या म्हणाल्या होत्या, "फोटो मात्र छापू नको हं. यूँ ही लोक बोलतात."

मी नानांना फोटोबद्दल दोनदा बजावलं. नाना म्हणाले, "काळजीच करू नको."

•

अंक आला. माझी कथा, आणि वर मीनाकाकूंचा फोटो! खाली नावासकट ओळ, 'कथेची प्रेरणा'.

मी अंक घेऊन तशीच नानांच्या घरी. "नाना, मी नको म्हटलं होतं! त्याही नको म्हणाल्या होत्या!"

"अगं, बायका नको नको म्हणतातच. बिचारीचा फोटो कधी अंकात येत नाही. बरं वाटेल तिला."

"कथेतली बाई चोर आहे, नाना!"

"ते काल्पनिक आहे ना? तूच तर म्हणालीस."

आणि फोटो कापलेला. जागा कमी पडत होती म्हणून खालचा भाग उडवलेला. म्हणजे मी जेवढं घेतलं होतं ते हात, त्या पर्सा, नेमकं तेवढंच गायब. उरलं काय, तर मी टाकून दिलेलं सगळं. चष्मा, तीळ, चेहरा.

•

मग सुरू झालं. भाजी घेताना कुणीतरी मीनाकाकूंना हसत विचारलं, "फोन परत केलात की नाही?" कुसुमकाकू म्हणाल्या, "मुक्ता घरी जाऊन भेटून आली होती तिला. काहीतरी सांगितलं असेलच ना मीनाने!"

मी नानांच्या मागे लागले, खुलासा करा. नानांनी केला. मंडळाच्या भरलेल्या हॉलमध्ये, माईकवरून.

"सौ. मीनाताईंनी कोणाचाही फोन चोरलेला नाही, याची सर्वांनी नोंद घ्यावी!"

ज्यांनी अंक उघडलाही नव्हता, ते माना वळवून विचारायला लागले, "मीनाताई कोण?"

स्टेजवरून उतरल्यावर नाना मला म्हणाले, "झालं समाधान?"

•

यंदाच्या संक्रांतीचं हळदीकुंकू. मीनाकाकू आल्या, तीच निळी साडी नेसून. फोटोची वेळ झाली तशा सवयीने कडेला जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात पुढे केले.

बायका एकेक करून त्यांच्या समोरून गेल्या आणि खुर्च्यांवर बसल्या. कुसुमकाकूंनी पर्स मांडीवर घेतली. शेजारणीने काखेत.

फोटोवाला म्हणाला, "आंटी जी, पर्स साइड में रख दीजिए, फोटो में अच्छा नहीं लग रहा."

"रहने दो भैया," कुसुमकाकू म्हणाल्या.

मी धावत गेले, माझी झोळी मीनाकाकूंच्या हातात द्यायला. त्यांनी ती घेतली नाही. फोटोवाल्याने त्यांना हात केला, "आप वहाँ अकेली क्यों खड़ी हैं? आपके हाथ तो खाली हैं, आप भी आ जाइए ना!"

फोटो मंडळाच्या ग्रुपवर आलाय. मीनाकाकू पहिल्यांदाच अगदी मधे आहेत.