बाहुलीचा ठोका

कंपू नावाच्या भागातल्या आमच्या इस्पितळात नवं यंत्र आलं की आधी त्याला कुंकू लागतं, मग मी, इस्पितळाची यंत्र-तंत्रज्ञ, ते तपासते. खरं तर उलटं हवं, पण नवजात बाळांच्या वॉर्डातल्या सिस्टरांपुढे माझं कोण ऐकतं! रक्तातला ऑक्सिजन दाखवणारा मॉनिटर आला, तेव्हाही त्यांनी खोका फोडून त्यावर स्वस्तिक काढलं होतं. वॉर्डात अपुऱ्या दिवसांचं एक बाळ होतं, ते मधेच श्वास घ्यायला विसरायचं. जुना मॉनिटर दुसऱ्या बाळाला लावलेला, म्हणून त्यांची घाई.

"लाव ना जल्दी. नवीन मशीन आहे, त्यात काय चेक करायचं?"

मी मॉनिटरच्या सेन्सरला तपासणीचं नकली बोट जोडलं. या उपकरणावर हवा तो ऑक्सिजनचा आकडा लावता येतो. सत्त्याण्णव लावला, मॉनिटर सत्त्याण्णव म्हणाला. नव्वदला चौऱ्याण्णव. ऐंशीला एक्क्याण्णव. सत्तरला एकोणनव्वद! तीनपर्यंतचा फरक चालतो. बातमी जितकी वाईट, तितकं हे यंत्र गोड बोलत होतं. सोबत आलेला दुसरा सेन्सर लावला, तरी तेच. जुन्या मॉनिटरवर मात्र नकली बोट बरोबर निघालं.

सगळे आकडे मांडून, यंत्र बदलून द्या असं पत्र फोटोंसकट कंपनीला पाठवलं. त्यांच्या माणसाचा फोन आला, "मैडम, फोटो में मशीन पर कुमकुम का टीका लगा है. मतलब वार्ड में चला चुके हो. अब नया कैसे दें?" यंत्र कुणाला लावलेलं नाही, असं त्यांना सिस्टरांच्या सहीनं लिहून हवं होतं.

"इस्पितळाचे मोठे साहेब म्हणतील, पूजेत मीच बिघडवलं," सिस्टर म्हणाल्या. "रिटायरमेंटला आले गं मी. आणि तोवर बाळाला काय लावू? थोडं इकडेतिकडे चालतं."

मला संताप आला. बाळांच्या आयांना शिकवायला ठेवलेली कापडी बाहुली उचलली आणि नव्या मॉनिटरचा सेन्सर तिच्या पायाला गुंडाळला. पडदा कोरा राहायला हवा होता. क्षणभर राहिलाही. मग ठोका सुरू झाला. ऑक्सिजन शहाण्णव.

उजेडाचा परिणाम असेल म्हणून मी दिवा घालवला, खिडकीचा पडदा ओढला. ठोका चालूच. आत विजेची काहीतरी खोट असणार हे मला कळत होतं, तरी अंगावर सर्रकन काटा आला. अंधारात ती बाहुली जिवंत होती.

"काढ ते," सिस्टर पुटपुटल्या. "बाळाचा श्वास थांबला असता तरी हे असंच म्हणालं असतं." मग त्यांनी पत्राखाली स्वतःच्या हातानं लिहिलं की कुंकू मी लावलं, यंत्र कुठल्याही बाळाला लावलेलं नाही, आणि सही ठोकली.

कंपनीनं बदलून द्यायचं कबूल केलं. ते येईपर्यंत सिस्टर बाळाच्या छातीवर हात ठेवून बसायच्या. एकदा मी दारातूनच विचारलं, "बाळ ठीक आहे ना?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "थांब," म्हणाल्या, "श्वास आलेला नाही," आणि बाळाच्या तळव्यावर टिचकी मारली.