अडतीस मार्कांचं पान

विमलाला एकदा हसू सुटलं की ते थांबवणं तिच्या हातात राहत नसे. स्वतःच्या लग्नात ती अंतरपाटामागे हसली होती. सासऱ्यांच्या तेराव्याला भटजींचा मोबाइल लावणीच्या सुरात वाजला, तेव्हा पदरात तोंड खुपसून तिला मोरीत पळावं लागलं होतं. विक्रोळीच्या ज्या बालवाडीत ती वीसेक वर्षं मदतनीस होती, तिथे मात्र या हसण्याचं कौतुक होतं. रडत आलेलं पोर विमलाबाईंचं हसणं बघून आधी गोंधळायचं आणि मग रडायचंच विसरायचं.

शाळा तिने नववीत सोडली होती. मुलगी लग्न होऊन बडोद्याला गेली आणि घर रिकामं झालं, तेव्हा तिने बाहेरून परीक्षेला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी दिली. पहिल्या खेपेला गणितात गेली. दुसऱ्या खेपेला अडतीस पडले. त्या दिवशी तिने अख्ख्या मजल्याला जिलेबी वाटली होती.

आता बालवाडीच्या मोठ्या बाईंनी तिच्या मागे लकडा लावला होता. पार्ल्याच्या एका संस्थेचा बालशिक्षणाचा वर्षभराचा कोर्स कर, म्हणजे मदतनीस न राहता शिक्षिका होशील, असं त्यांचं म्हणणं. फॉर्म ऑनलाइन होता आणि रविवारी संध्याकाळी बंद होणार होता. तो भरायला विमलाची धाकटी जाऊ दीप्ती मुलुंडहून आपला लॅपटॉप घेऊन आली. दीप्ती एका हिशेबनिसाच्या ऑफिसात कामाला होती, आणि हसण्याच्या बाबतीत विमलाहून एक पायरीसुद्धा खाली नव्हती. या दोघी एकत्र बसल्या की विमलाचे यजमान चंद्रप्रकाश आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेत. त्या दुपारीही ते जेवून आत जाऊन झोपले होते.

नाव, पत्ता, फोटो, सही, सगळं झरझर भरून झालं. मग आली दहावीची गुणपत्रिका. फक्त तेवढंच पान, पीडीएफमध्ये, दोनशे केबीच्या आत.

गुणपत्रिका स्कॅन केलेली होती, पण एकटी नव्हती. चंद्रप्रकाशांनी मागे कधीतरी घरातले सगळे कागद एका गठ्ठ्याने झेरॉक्सवाल्याकडे नेऊन एकाच फाइलमध्ये स्कॅन करून घेतले होते. रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक, मुलीचे शाळेचे दाखले, सोसायटीच्या पावत्या, सगळे एका माळेत. नीट असावं म्हणून त्यांनी प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात आधी पेनाने आकडाही घातला होता. विमलाच्या गुणपत्रिकेवर सतरा होता.

"सतरा नंबरच्या फॉर्मची गुणपत्रिका सतरा नंबरलाच," विमला म्हणाली आणि तिथेच पहिल्यांदा दोघी हसल्या.

दीप्तीने फाइल उघडली, प्रिंटमध्ये गेली, प्रिंटरच्या जागी "पीडीएफ म्हणून सेव्ह करा" निवडलं, पानांच्या खान्यात सतरा घातलं आणि नवी फाइल उघडून पाहिली. पडद्यावर एक सोनेरी वेलबुट्टीची चौकट आली. आत लिहिलं होतं, गावच्या उत्सव मंडळातर्फे उत्कृष्ट स्त्री भूमिकेचं पारितोषिक, श्री. चंद्रप्रकाश सावंत यांस.

त्यांनी तरुणपणी गावच्या नाटकात राणीचं काम केलं होतं हे विमलाला माहीत होतं. पण दहावीच्या गुणपत्रिकेच्या जागी ते असं समोर येईल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. दीप्तीने कपाळ टेबलावर टेकलं. विमलाच्या डोळ्यांतून पाणी आलं, तिला धड श्वास घेता येईना. आतून चंद्रप्रकाशांनी काय झालं म्हणून विचारलं, तर "तुम्हाला प्रवेश मिळतोय" एवढंच तिला कसंबसं सांगता आलं.

जरा शांत झाल्यावर दीप्तीने मूळ फाइल वरून खाली सरकवली, तेव्हा घोळ कळला. झेरॉक्सवाल्याने रेशनकार्डाच्या दोन्ही बाजू स्कॅन केल्या होत्या. पेनाचा आकडा कागदावर एकच, फाइलमध्ये मात्र पानं दोन. त्यामुळे तिथून पुढचं सगळंच एकाने पुढे सरकलं होतं. फाइलच्या हिशेबाने गुणपत्रिका अठरावी. ती आता एकटी निघाली, विमलाने नाव वाचून खात्री केली, पण फॉर्मने ती घेतली नाही. एक पान सोळाशे केबीचं होतं.

बाकीचा गठ्ठा तर कापून टाकला, मग हे एवढं जड कसं, हे विमलाला समजेना. दीप्तीने सांगितलं, की आपण बाकीची पानं काढली, या पानाचं वजन काही कमी केलं नाही. झेरॉक्सवाल्याने ते रंगीत आणि फार बारकाईने स्कॅन केलंय, कागदाच्या घडीची सावलीसुद्धा त्यात आलीय. मोबाइलवर शोधून विमलाने फुकट काम करून देणारी एक साइट दाखवली. आपले दाखले कुठल्या अनोळखी साइटवर चढवायचे नाहीत, असं म्हणून दीप्तीने ती बंद करायला लावली.

मग तिने सोपा मार्ग काढला. अख्खं पान पडद्यात मावेल एवढं लहान केलं, त्याचा स्क्रीनशॉट घेतला आणि त्याची पीडीएफ केली. चाळीस केबी. विमलाने टाळ्या वाजवल्या. पण फाइल उघडून मोठी केली तर अक्षरी मार्कांच्या जागी मुंग्यांची रांग, आणि गणितापुढचा तीन फुगून आठ झालेला.

"ताई, तुम्हाला गणितात अठ्ठ्याऐंशी," दीप्ती म्हणाली.

आता मात्र कहर झाला. अठ्ठ्याऐंशी मार्कांची विमला खुर्चीतून उठून घरभर फिरली, शेजारणींना ओवाळायला बोलवते म्हणाली, दीप्तीने तिला वाकून नमस्कार केला. चंद्रप्रकाश दारात येऊन उभे राहिले आणि दार लोटून परत आत गेले.

हसून हसून दमल्यावर विमला पुन्हा लॅपटॉपसमोर बसली. त्या फुगलेल्या आकड्याकडे ती जरा वेळ बघत राहिली. बेरीज जुळत नाही, तिथे कुणीतरी पकडेलच, असं दीप्ती म्हणत होती. पण विमलाच्या मनात ते नव्हतं. पहाटेचं स्वयंपाकघर, ओट्यावर उघडं पडलेलं पुस्तक आणि लाटता लाटता पाठ केलेली सूत्रं तिला आठवत होती.

"बेरीज राहू दे," ती म्हणाली. "अडतीस मी मिळवलेत गं. ते अडतीसच दिसायला हवेत."

दीप्तीने मान हलवली. स्क्रीनशॉटची फाइल पुसून ती परत त्या जड पानाकडे गेली. ऑफिसच्या कामासाठी तिच्या लॅपटॉपवर पीडीएफ लहान करायचा प्रोग्राम होता. त्यात तिने रंग काढून पान करडं केलं आणि बारकाई थोडी उतरवली. दोनशे साठ केबी. थोडी आणखी उतरवली. एकशे सत्तर. विमलाने श्वास रोखून धरला. फाइल मोठी करून पाहिली, तर घडीची सावली फिकी झाली होती, पण नाव, बैठक क्रमांक आणि अडतीस, आकड्यात आणि अक्षरांत, स्वच्छ वाचता येत होते.

फॉर्मने पान घेतलं. तरी दीप्तीने चढवलेली फाइल पुन्हा उघडून दाखवली, कारण फॉर्म काय, राणीलाही घेईल, असं ती म्हणाली आणि पुन्हा दहा मिनिटं हसण्यात गेली. शेवटचं बटण विमलाने स्वतः दाबलं. अर्ज क्रमांक आला तेव्हा तिने दीप्तीचा हात घट्ट धरला.

पंधरवड्याने यादी लागली, त्यात तिचं नाव होतं. आता दर शनिवारी ती पार्ल्याला जाते. परत येईपर्यंत चंद्रप्रकाश चहा करून ठेवतात. साखर जरा जास्तच पडते, पण ती कप संपवते आणि आज काय शिकवलं ते त्यांना सांगत बसते.