भिंतीलगतची भुसभुशीत माती

बाळापूरच्या अलीकडे नदीकाठी एक पांढरी आहे. जुनी वस्ती मोडून झालेला उंचवटा, आजूबाजूला सगळं काळं रान. तिथल्या उत्खननात मला पहिल्यांदा स्वतःचा खड्डा मिळाला. पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद. अमरावतीहून मी एक ट्रंक आणि भरपूर ताठा घेऊन गेले होते. माझ्या हाताखाली गावातल्या सहा बायका होत्या. त्यांतली एक पन्नाशीची, स्वतःच्या वांग्या-टमाट्याच्या वाडीतून हिवाळ्यात वेळ काढून कामाला येणारी. तिला मी मावशी म्हणायची. ती मला मॅडम म्हणायची, पण बोलायची लेकीशी बोलावं तसं.

तिसऱ्या आठवड्यात विटांची भिंत लागली. विटा हातभर लांब, खाली नदीतल्या गोट्यांचा पाया. भिंतीच्या पूर्वेला चोपलेली पिवळसर जमीन थेट विटांना येऊन भिडलेली होती. पाया खणताना काढलेला चर याच जमिनीखाली झाकला गेला होता. म्हणजे आधी चर, मग भिंत, मग जमीन. चरात भरलेल्या मातीतली खापरं निघाली ती जुनी, तांबडी, गुळगुळीत. जमिनीवर पडलेली खापरंही त्याच काळातली. पाया चरातल्या खापरांच्या आधीचा असू शकत नाही आणि वरच्या जमिनीच्या नंतरचा असू शकत नाही. दोन्ही बाजूंनी काळ आवळला गेला होता. उत्खनन चालवणाऱ्या आमच्या सरांनी पाठ थोपटली आणि मी हवेत गेले.

भिंतीची पश्चिम बाजू मावशी खणत होती. ती म्हणाली, "मॅडम, इकडची माती अलग हाय. भुसभुशीत लागते. राखुंडी हाय हिच्यात."

मी वरूनच म्हणाले, "पायाच्या चरातलीच आहे ती. चरातल्या खापरांच्याच पिशवीत टाका."

"चर असा असते का? तिकडची माती तं घट्ट हाय."

"टाका म्हटलं ना मावशी."

तिनं टाकलं.

चार दिवसांनी खापरं धुताना त्या पिशवीतून काचेच्या बांगडीचा तुकडा निघाला. काळी काच, वर पिवळे ठिपके. असल्या बांगड्या आमच्या भागात फार नंतरच्या काळात दिसतात. माझ्या पायापेक्षा हजार-बाराशे वर्षांनी तरी. हा तुकडा खरंच पायाच्या चरातला असेल तर माझी सगळी मांडणी कोसळत होती.

मला दोन गोष्टी सुचू शकत होत्या. एक, मी चुकले. दुसरी, पिशव्या मिसळल्या. पहिली मला सुचलीच नाही.

दुपारी सगळ्या जेवून उठत होत्या तेव्हा मी पिशवी हातात धरून मावशीला विचारलं, "वरच्या थरातला माल तुम्ही यात टाकलात ना?"

"नाई व बाई. तू सांगतलं तेच टाकलं."

"मग ही बांगडी इथं आली कशी?"

"मले काय ठाव? मातीत होती, निंगाली."

"इतके दिवस शिकवून उपयोग काय? उद्यापासून तुम्ही चाळणीवर बसा. खड्ड्यात उतरू नका."

बाकीच्या पाचजणी ऐकत होत्या. एक फस्सकन हसली. मावशीनं डबा पदरात गुंडाळला आणि हळू आवाजात म्हणाली, "मी काई मिसळलं नाई." तेवढंच. दुसऱ्या दिवशी ती चाळणीवर बसली. दोन दिवस बसली, नंतर आलीच नाही. सरांना मी सांगितलं की मजुराच्या हातून गोंधळ झाला, तुकडा बाजूला ठेवलाय.

शेवटच्या आठवड्यात खड्ड्याच्या कडा तासून त्यांचं चित्र काढायचं असतं. मी दक्षिणेकडची उभी कड खुरप्यानं साफ केली, पाणी शिंपडलं आणि मागे सरून पाहिलं. पिवळसर जमिनीची रेघ पूर्वेकडून सरळ भिंतीपर्यंत येत होती. पश्चिमेकडून मात्र भिंतीच्या वीतभर आधी ती कापल्यासारखी थांबली होती. मधल्या फटीत वरून खालपर्यंत करडी, राखमिश्रित माती. ती फट जमिनीच्या वरच्या राखेच्या थरालाही कापत खाली गेली होती आणि त्याच्याही वरचा थर तिच्यावरून अखंड गेला होता. मग भिंतीकडे पाहिलं. खालचे विटांचे थर नीट, वरचे चार थर तुकड्यांचे, कसेबसे बसवलेले.

समजायला क्षणही लागला नाही. इमारत पडली, जळकी माती तिच्यावर साचली, पुष्कळ काळ गेला. मग कुणीतरी आले, भिंतीचं डोकं वर दिसत असेल, त्यांनी एका अंगानं खणून जुना पाया पक्का आहे का ते पाहिलं आणि त्यावरच नवी भिंत चढवली. खणलेली जागा तिथल्याच मातीनं बुजवली. बांगडी त्या बुजवलेल्या मातीतली. पाया जुनाच होता. बांगडी सांगत होती की पुन्हा बांधणं तिच्या काळाआधी झालेलं नाही. एका खड्ड्यात दोन बांधकामं होती आणि दुसरं बांधकाम मावशीच्या हाताला चार आठवड्यांपूर्वीच लागलं होतं. मी तिचं ऐकून वेगळी पिशवी केली असती तर झालं असतं.

सर आले, कड पाहून खूश झाले. "छान पकडलंस," म्हणाले. लाज वाटत होती, तरी मी मावशीचं नाव काढलं नाही.

संध्याकाळी मी विचारत विचारत तिच्या वाडीत गेले. ती वांगी तोडत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तुमचं बरोबर होतं, माती वेगळीच होती, मी चुकले, मला माफ करा.

तिनं ऐकून घेतलं. हात थांबले नाहीत. मग म्हणाली, "तू तिथं मले सगळ्याईसमोर बोलली होती. इथं वांग्यापाशी काहून सांगून राह्यली?"

तिनं आणखी एक वांगं तोडून टोपलीत टाकलं.

"त्या बाया मले भेसळवाली म्हणतेत. बाजारात बी म्हणलं एकीनं. मी भाजी इकतो, बाई."

"उद्या सांगते. सगळ्यांसमोर सांगते. तुम्ही या."

"पाहू," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अकोल्याहून पाहुणे आले होते, कॉलेजातले प्राध्यापक. सरांनी मला खड्डा समजावून सांगायला लावलं. मी थर दाखवले, कापलेली जमीन दाखवली, बांगडी तळहातावर ठेवून दाखवली. मागे बायका घमेली खाली ठेवून उभ्या होत्या. मावशी आली होती. सगळ्यात मागे, धुतलेलं लुगडं नेसून. मी तिला पाहिलं. वाक्य तोंडात तयार होतं. तेवढ्यात एका पाहुण्यानं विचारलं, "ही माती वेगळी आहे हे तुमच्या लक्षात कधी आलं?"

मी म्हणाले, "खणतानाच थोडी शंका आली होती."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशीला प्रमाण मराठी नीट कळायची. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग उंचवट्यावरून उतरून वाडीच्या वाटेला लागली.

पाहुणे गेल्यावर मी त्या पाचजणींना एकत्र करून खरं काय ते सांगितलं. त्यांनी ऐकलं. हसली होती ती म्हणाली, "आता सांगून काय, मॅडम? थे तं गेली." संध्याकाळी मी पुन्हा वाडीकडे निघाले, आणि गावच्या वेशीपर्यंत जाऊन परत आले. तिला काय सांगायचं हे मला ठाऊक होतं. ती काय म्हणेल याची भीती वाटली.

पुढच्या हंगामात आम्ही त्याच पांढरीवर नवे खड्डे घातले. ती कामाला आली नाही. मी बोलावणंही धाडलं नाही.