बादलीवर बसून दाखवा

आमच्या ह्यांना गिऱ्हाइकं 'बादलीवाले' म्हणतात. धंदा प्लंबिंगचा, पण फरशीवर खडूनं कमोड आणि बेसिन आखायचं, कमोडच्या जागी बादली पालथी घालायची आणि म्हणायचं, "बसून दाखवा." मोठमोठी माणसं लाजत-हसत बसतात. ह्यांचं पालुपद ठरलेलं: "कमोडच्या मध्यापासून भिंत पंधरा इंच तरी हवी, अठरा असली तर सुख. समोर एकवीस इंच हवेतच, दोन फूट मिळाले तर गुडघे दुवा देतील. आणि हे सगळं टाइल बसल्यावरचं माप हं!"

सासूबाई पडल्या, उजवा गुडघा वाकेना, म्हणून आमच्याकडे आल्या. आमचं न्हाणीघर म्हणजे काडेपेटी. आत जायला माझा हात लागायचा, त्याची त्यांना भारी लाज. म्हणून पाणीच प्यायच्या नाहीत. ओठ सुकलेले, आणि म्हणायच्या, "तहान नाही गं." मी मेलं भरलेला तांब्या तसाच परत न्यायची.

ह्यांनी न्हाणीघर फोडायला काढलं. खडूनं आखलं: एका भिंतीला कमोड, समोरच्या भिंतीला बेसिन, मध्ये दोन फूट. दोन्ही बाजूंना अठरा इंच. दार बाहेर उघडणारं. स्वतः बसून पाहिलं आणि खूश.

मी म्हटलं, "आईंना बसवलंत?"

"आईला बादलीवर बसवू? काहीतरीच काय!"

"अख्ख्या गावाला बसवता ना? वा रे वा! उद्या पाइप गाडल्यावर डोक्याला हात लावून बसाल."

"मापं बरोबर आहेत," हे फुरंगटून म्हणाले.

"कुणाच्या गुडघ्याची?"

आत खाटेवर सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं. काठी टेकत आल्या आणि ह्यांना म्हणाल्या, "तुला लाज वाटते ना? मग तोंड तिकडे कर." माझ्या खांद्याला धरून बादलीवर टेकल्या. डावा पाय नीट दुमडला. उजवा सरळ पुढे गेला, आणि टाच बेसिनच्या रेघेच्या पार आत.

हे वळले. मग खाली बसून, आईचा पाय न हलवता, टाचेपुढे खडूनं रेघ मारली. बेसिनची रेघ हातानं पुसून टाकली.

"बेसिन?" मी विचारलं.

"बाहेर, बोळात."

"बरं झालं," सासूबाई म्हणाल्या. "तोंड धुवायला काय, चारचौघांत धुईन."

काम झालं. भिंतीला धरायचा दांडा लागला. पहिल्या दिवशी मी दाराबाहेर कान लावून उभी. आतून आवाज आला, "जा गं तू, कामं नाहीत का तुला?"

दुपारी जेवताना सासूबाईंनी भांडं रिकामं केलं आणि पुढे सरकवलं. "अजून दे पाणी."

तांब्या समोरच होता, तरी मी आपली शोधत राहिले. हे ताटावरून उठले, आणि बोळातल्या बेसिनवर कितीतरी वेळ तोंड धूत उभे राहिले.