तू काँप रहा है

बीडमध्ये एक म्हातारा दुकानदार हिवतापावरच्या कोयनेलाच्या गोळ्या विकायचा. त्याच्या जाहिराती मी लिहायचो. एकच कागद पार बऱ्हाणपूरपर्यंत जायचा, म्हणून हिंदीत. माझा हात मात्र चळवळीच्या पत्रकांवर बसलेला. तिथं ‘तू’ म्हणून खडसावल्याशिवाय कुणी जागचं हलत नाही.

दुकानदार म्हणाला, “वकील-हकिमांच्या कागदावर ‘आप लीजिए’. मान दिला की वाचतात. खेड्यात ‘तुम लो’, ओट्यावर शेजारी बसून सांगितल्यावानी. ‘तू’ दुकानाच्या तोंडी नको. तू आईनं म्हणावं, देवानं म्हणावं, न्हाईतर भांडणाऱ्यानं.”

“आप म्हणजे निव्वळ हुजरेगिरी,” मी तडकलो. “आणि तुम मिळमिळीत.” त्याला न दाखवताच छापून घेतलं: तू काँप रहा है। मैं जानता हूँ। मेरी गोली ले।

चकलांबा गावच्या चावडीवर कागद डकवला, गोळ्यांचं खोकं तिथंच ठेवलं आणि आलो. आठवड्यानं परत गेलो. भर दुपार, पण गावात माणसाचा आवाज नाही. दारं सताड उघडी. आत गोधड्यांचे ढीग, आणि ते ढीग हलत होते. कुठूनतरी दात वाजल्याचा आवाज यायचा. चावडीवर माझ्या कागदाला कुंकू फासलेलं, खाली लिंबं आणि कडुलिंबाचा पाला. खोकं न उघडलेलं.

पलटणीतून परतलेला एक शिपाई तेवढा वाचणारा. तो चावडीच्या पायरीवर बसला होता.

“गोळ्या का घेतल्या नाहीत?” मी ओरडलो.

“हळू बोल बे. मीच वाचून दाखवलं. आयकणाऱ्यांतला एक सांजंला गेला. तो कापतोय हे कागदाला कसं कळलं? नाव न घेता तू म्हणून हाक मारती ती मरीआईच.”

“अहो, ते मी लिहिलंय!”

“मग तुझ्या हातून तिनं लिवलं.”

शिपायाचं घर चावडीला लागूनच; त्याची सून आत तापानं फणफणत होती. सासू दार अडवून उभी. “त्या कागदाची गोळी माझ्या घरात नगं.”

माझा सगळा ताठा गळाला. खोक्याची एक फळी काढली, तिच्यावर कोळशानं लिहिलं आणि शिपायाच्या हातात दिली. त्यानं उंबऱ्यात बसून वाचलं: “बुखार है तो तुम ये गोली लो। पानी के साथ।”

सासूनं बराच वेळ कान दिला. “हे माणूस बोलतंय,” ती म्हणाली, आणि बाजूला झाली. सुनेनं गोळी घेतली. संध्याकाळपर्यंत खोकं अर्धं झालं.

मी चावडीवरचा कागद फाडायला गेलो, तर सासूनं मनगट धरलं. “फाडू नको, बाबा. मागं लागंल.”

मी फाडला. चार दिवसांनी बीडला मला हुडहुडी भरली. तीन गोधड्या अंगावर, आणि कानाशी कुणीतरी माझंच वाक्य माझ्याहून सावकाश वाचत होतं. ‘मैं जानता हूँ’ पाशी ते दरवेळी थांबायचं.

दुकानदार उशाशी येऊन बसला. गोळी आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

“तुम लो,” तो म्हणाला.