गाडी चालू झाली, तरी नापास

दुचाकी मेकॅनिकच्या परीक्षा घ्यायला मी गावोगाव फिरायचो, तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी सकाळच्या लाँचने रेवसला उतरलो आणि अलिबाग रस्त्यावरच्या एका प्रशिक्षण केंद्रात पोहोचलो. केंद्रात परीक्षेसाठी गाडी एकच. तीही शंभर सीसीची, कार्बोरेटरवाली. संचालक म्हणाले, "दुसरी मागवलीय, सर." ती संध्याकाळपर्यंत आली नाही.

आधी लेखी झाली. एक प्रश्न होता : चार स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात, तेवढ्यात कॅमशाफ्टचे किती होतात? उत्तर एक. एकाने लिहिलं होतं, 'गाडीवर अवलंबून आहे.' सायलेन्सरमधून निळा धूर का येतो? पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्वची सीलं झिजली, की ऑइल जळतं म्हणून. त्याच माणसाचं उत्तर : 'गिऱ्हाईक ऐकत नाही.' मी पेन खाली ठेवून डोळे चोळले.

ही उत्तरं लिहिणारा चाळिशीचा होता. जेट्टीच्या रस्त्याला त्याचं स्वतःचं गॅरेज होतं. गॅरेजला कंपनीचं सर्व्हिस सेंटर करायचं तर प्रमाणपत्र हवं, म्हणून तो परीक्षेला बसला होता. प्रात्यक्षिकाला पहिला तोच आला. काम असं होतं : इंजिन सुरू होत नाही, दोष शोधा, दूर करा. मी प्लगचं टोक ठोकून त्यातली फट बंद करून ठेवली होती. कशाला किती गुण, ते छापलेली गुणपत्रिका त्याच्या हातात दिली. ती त्याने वाचली नाही, सरळ बाकावर ठेवली.

पेट्रोल येतंय का, ते पाहिलं नाही. ठिणगी पाहिली नाही, कॉम्प्रेशन पाहिलं नाही. प्लग काढला, पान्याच्या टोकाने फट अंदाजाने उघडली आणि आट्यांत हाताने न बसवता पहिल्यापासूनच पान्याने करकचून आवळला. किक मारली. गाडी चालू!

"झाली, सर."

"प्लगच कसा काढलात आधी?"

"सवय हाय ना सर. दहातल्या आठ गाड्यांना प्लगच असतो."

"आणि उरलेल्या दोन?"

तो हसला आणि बाहेर गेला. बाहेर जाऊन त्याने रांगेतल्या सगळ्यांना मोठ्याने सांगितलं, "प्लग हाय रे, प्लग!" मला आत स्पष्ट ऐकू आलं.

मी वैतागून प्लग नवा घातला, पेट्रोलच्या नळीत चिंधीचा बोळा सारला आणि कार्बोरेटरमधलं उरलेलं पेट्रोल काढून टाकलं.

पुढची कोळीवाड्यातली एक बाई होती. तिनेही आधी प्लगच काढला. इंजिनला टेकवून किक मारली, तर चांगली निळी ठिणगी. ती गोंधळली.

"पण दादा तर प्लग बोलला!"

"काय बोलला दादा?"

तिने जीभ चावली. मग पुन्हा सुरुवात केली, प्रत्येक पायरी तोंडाने म्हणत, इतकी सावकाश की माझा जीव वरखाली होत होता. प्लग हाताने फिरवून बसवला, मग पान्याने बेताने आवळला. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडला. खाली फडकं धरून नळी सोडवली. पेट्रोल येईना. नळी टाकीकडूनही काढली, बोळा ओढून बाहेर काढला, आणि नळी परत जोडणार तेवढ्यात वेळ संपली.

गुणपत्रिकेत गाडी सुरू होण्याला शंभरात दहाच गुण होते. तपासणीचा क्रम, हत्यारं, सुरक्षितता, दोषाचं कारण सांगणं यांना बाकीचे. ती पास झाली. तो नापास.

मग जे व्हायचं ते झालं. रांगेतले सगळे आत येऊन भांडू लागले. "गाडी चालू केली तो नापास, आन् जिची चालूच झाली न्हाय ती पास? ह्यो कुठला न्याय?" संचालक मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, लोकांना काय सांगू मी? त्याच्याकडे अर्धा तालुका गाडी देतो." मी गुणपत्रिका वाचून दाखवली. कोणी ऐकेना. शेवटी मी बोळा परत सारला, कार्बोरेटर रिकामा केला आणि त्याला म्हटलं, "गुण मिळणार नाहीत. पण आता दुसरी गाडी समजून बघा."

त्याने प्लग काढला. पुसला. परत लावला. किका मारून मारून घामाघूम झाला. मग नवा प्लग मागितला.

"नवाच आहे तो," मी म्हणालो.

पाच-सहा जण बघत होते. त्या बाईची नजर नळीवर होती. ते त्याने पाहिलं आणि पाना खाली ठेवला.

"पेट्रोल बघायचं राह्यलं," तो म्हणाला. मला नाही, गाडीला.

पुढच्या परीक्षेला तो पुन्हा आला. प्रत्येक पायरी मुद्दाम माझ्या कानाशी ओरडून म्हणाला आणि चांगल्या गुणांनी पास झाला. निळ्या धुराचं उत्तर मात्र त्याने तेच लिहिलं होतं, 'गिऱ्हाईक ऐकत नाही,' आणि पुढे कंसात, 'ऑइल बदलत नाही, म्हणून रिंगा जातात.' अर्धा गुण द्यावा की नाही, यावर मी बराच वेळ डोकं धरून बसलो.