खांद्याचं माप

भाचीच्या लग्नासाठी शिवलेला माझा नेहरू शर्ट मी पहिल्यांदा घातला तो आरशापुढे. खांद्याच्या शिलाया दंडावर उतरल्या होत्या, मागचा घेर गुडघ्याकडे निघाला होता आणि पुढचा पोटावर येऊन थांबला होता. दोष शिवणाऱ्याचा नव्हता. शिवणारी माझी बायको आणि गेली वीस वर्षं अर्ध्या सेनगावची ब्लाउजं तिच्या मशीनवर शिवली जातात. दोष माप घेणाऱ्याचा होता आणि तो मी.

झालं असं की तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून ती आठ दिवस माहेरी, कनेरगाव नाक्याला गेली होती. तिथं भावजयीची मशीन होती. ती फोनवर म्हणाली, "कापड बसनं पाठवून द्या, अन् शेजारच्या भाऊजीकडून माप घ्या. जुना शर्ट पाठवू नका, तुमचं पोट आता त्या शर्टाचं राह्यलं न्हाई." शेजारच्या भाऊजीला पोटाभोवती टेप गुंडाळू देणं मला कमीपणाचं वाटलं. शाळेत पोरांना लांबी-रुंदी शिकवणाऱ्या मास्तराला स्वतःची लांबी-रुंदी मोजता येऊ नये? टेपचं एक टोक दातात धरलं, दुसरं पाठीमागून ओढलं, मान खाली घालून आकडे वाचले आणि ऐटीत कळवले.

ती परत आली, शर्ट माझ्या अंगावर पाहिला आणि खाटेवर बसून हसली. मग डोळे पुसून शिकवायला लागली. आमच्या घरात मास्तर कोण, हे अशा वेळी ठरतं.

"छाती, पोट, कंबर, मनगट, गळ्याचा घेर, हे एकट्याला जमतंय. आरशापुढं सरळ उभं राहायचं, टेप आडवा बराबर ठेवायचा, बस. पण खांदा, पाठ, मागची उंची, बाही, इथं दुसरं माणूस पाह्यजेच."

"काहून? मलाबी दोन हात हाईत."

"तेच दोन हात घात करतेत. खांद्याचं टोक धरायला हात वर केला की खांदा पुढं येतो, पाठ फाकते, टेप मागं झोळ खातो. इंच-दीड इंच वाढलंच समजा. अन् आकडा बघायला मान खाली घातली की पुढून माणूस आखूड होतंय, मागून लांब. दोन्ही हात खाली सोडून, समोर बघून गप उभं राहायचं अन् दुसऱ्यानं घ्यायचं, तेच खरं माप."

मी हे सगळं हसण्यावारी नेलं. शर्ट उसवून तिनं नीट करून दिला आणि विषय तिथं संपायला हवा होता.

पुढच्याच आठवड्यात लेकीचं माप आलं.

आमची एकुलती लेक दोन वर्षांपूर्वी परभणीला दिली. स्थळ मी शोधलं होतं. पक्कं घर, नोकरीवाला जावई, सासू-सासरे, एक नणंद. गावभर मीच सांगत फिरलो, भरल्या घरात दिली म्हणून. लग्नाच्या वेळी तिनं एकदा हळूच म्हटलं होतं, "बाबा, ते लोक बोलतच न्हाईत जास्त." मी म्हणालो, "चांगलं हाय की, कटकट न्हाई." हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, इथं लिहितोय.

भाचीच्या लग्नात नेसायला तिच्या आईनं तिच्यासाठी जांभळी पैठणी घेतली होती. ब्लाउज अर्थातच घरी शिवायचं. लेकीचं मापाचं जुनं ब्लाउज आमच्याकडे होतं, पण ती फोनवर म्हणाली, "आई, ते आता ढिलं होतंय. मी नवीन माप पाठवते."

"येऊन जा की दोन दिवस."

"न्हाई गं जमत. इकडच्या आई घेतेत माप, काळजी करू नको."

सासूनं स्वतः सुनेचं माप घेतलं याचं आम्हाला केवढं कौतुक! मी तर चहा घेताना दोघा-तिघांना सांगितलंसुद्धा. आकडे फोनवर आले. बायकोनं चष्मा लावून मला वाचायला सांगितले आणि ती जुन्या वहीतल्या आकड्यांशी ताडून बघायला लागली.

"छाती बत्तीस."

"चौतीस व्हती. वाळली जरा."

"कंबर सत्तावीस."

"एकोणतीस व्हती. असू दे, पोरींना आजकाल बारीकच व्हायचं असतंय. पुढं?"

"खांदा साडेपंधरा."

तिनं वहीवरून मान वर केली. "चौदा हाय तिचा."

"वाढला असंल."

"छाती उतरली अन् खांदा वाढला? खांदा म्हंजे हाड हाय. हाड वाढतंय का लग्नानंतर? उंची सांगा."

"पुढची उंची तेरा."

"चौदा व्हती."

मी पुढचा आकडा वाचणार होतो, पण वाचला नाही. खांदा दीड इंच जास्त, पुढची उंची इंचभर कमी. हा माणूस मला माहीत होता. दातात टेप धरून, मान खाली घालून, एकटाच आरशापुढे उभा राहिलेला. गेल्या आठवड्यात तो मीच होतो.

बायकोलाही तेच दिसलं होतं. तिनं वही मिटली, परत उघडली आणि लेकीला फोन लावला. स्पीकर मी चालू केला.

"बाई, खांदा चुकलाय वाटतंय. सासूबाईला फोन दे, कसा घेतला ते इचारते."

लेक म्हणाली, "त्या बाहेर गेल्यात."

"मग नणंदेला म्हण, टेपचं एक टोक धर म्हणावं."

"तीबी न्हाई."

"मग जावईबापू आल्यावर..."

"आई, असू दे ना. ढिलं झालं तर टाचणी लावीन मी." आणि लगेच, "बाबा कसे हाईत?"

मागून घरातल्या टीव्हीचा आवाज येत होता आणि कुणीतरी बाई कुणाला तरी भाजी चिरली का म्हणून विचारत होती. तिला सोडून चार माणसांचं घर होतं. टेपचं एक टोक धरा असं ज्याला म्हणावं, असं त्यात कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळच्या बसनं आम्ही परभणीला गेलो. बायकोनं पर्समध्ये टेप टाकला आणि मला वही घ्यायला लावली. न सांगता आलोय, तर माप घ्यायला आलो म्हणू, असं ठरलं. खरंही तेच होतं.

दार लेकीनं उघडलं. मला बघून हसली आणि पदर खांद्यावरून पुढे ओढून घेतला. सासूबाई पुढच्या खोलीत होत्या. "या," म्हणाल्या आणि टीव्हीकडे वळल्या. चहा लेकीनंच आणला. आमच्यासमोर तिला कुणी काही वाईट बोललं नाही. वाईट काय, काहीच बोललं नाही. सासूबाईंना पाणी हवं होतं तर त्यांनी आत बसलेल्या नणंदेला हाक मारली. लेक दोन हातांच्या अंतरावर उभी होती, तिला नाही. नणंद उठून आली, लेकीच्या बाजूनं गेली, जशी खांबाच्या बाजूनं जावी. जावई घरात होते. मला नमस्कार केला आणि मोबाईल घेऊन गच्चीवर गेले.

बायको म्हणाली, "ब्लाउजचं माप घ्यायचंय," आणि लेकीला आतल्या खोलीत घेऊन गेली. दार लोटून घेतलं. मी बाहेर पॅसेजमध्ये दाराकडे पाठ करून, वही भिंतीला टेकवून उभा राहिलो. ब्लाउजच्या मापाला बापाचं काम एवढंच.

"सरळ उभी राहा. हात सोड खाली. समोर बघ," आतून आवाज आला. मग, "खांदा चौदा."

मी लिहिलं, चौदा.

"मागची उंची..." आणि पुढे आकडाच आला नाही. मी पेन धरून थांबलो. नंतर लेकीचं रडणं ऐकू आलं. मोठ्यानं नाही, तोंड कशात तरी दाबून. मागची उंची घ्यायला आई तिच्या पाठीमागे गेली असणार आणि मानेखाली बोट टेकवलं असणार. किती महिन्यांनी तिच्या पाठीला कुणाचा हात लागला होता, ते मी मोजायला गेलो नाही.

"कुणीच बोलत न्हाई आई," ती म्हणाली. "भांडतबी न्हाईत. स्वयंपाक करते, वाढते, ते उठून जातेत. मग मी एकटी जेवते."

"अन् तो?"

"त्याला म्हटलं टेप धर. म्हणला, आईला सांग."

पॅसेजमध्ये मी वहीत बघत होतो. मग बायकोचा आवाज आला, नेहमीच्या मशीनवरच्या सुरात, जरा मोठ्यानं, "छाती एकतीस. कंबर सत्तावीस. बाहीचा मुंढा पंधरा. लिहून राहिले ना?"

"व्हय," मी म्हणालो आणि लिहिलं.

निघताना मी लेकीला विचारलं, पण कसं विचारलं बघा. "येतीस का चार दिवस? का लग्नालाच येतीस?" म्हणजे नाही म्हणायची वाट मीच दाखवून दिली. ती सासूबाईंकडे बघून म्हणाली, "लग्नालाच येते, बाबा. मधीच आले तर लोक काय म्हणतील." हे वाक्य तिनं माझ्याकडूनच उचललेलं. लहानपणापासून मी तेच तर म्हणत आलो. आणि खरं सांगतो, ती असं म्हणाली तेव्हा मला आत कुठेतरी बरं वाटलं. म्हटलं, फार नसेल. लग्नाला येईल, चार दिवस राहील, होईल ठीक.

परतीच्या बसमध्ये जागा मिळाली. बायको खिडकीकडे बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. मी आपला हिशोब जुळवत होतो. कंबर तरी सत्तावीसच भरली, पोरीनं पाठवली तेवढीच, म्हणजे तेवढी तरी तिनं खरी कळवली होती, असं बायकोला म्हणालोही. धीर द्यावा म्हणून. ती बाहेर बघत राहिली. झिरो फाटा गेला. जवळा बाजार जवळ आला तेव्हा तिनं माझ्या हातातली वही घेतली, ते पान उघडलं आणि माझ्या खिशातलं पेन काढून सत्तावीसवर काट मारली.

"चोवीस हाय," ती म्हणाली. "कंबरेला एकट्या माणसाची चूक होत न्हाई. आपल्याला कळू नये म्हणून तिनं मुद्दाम वाढवून लिवली, अन् आज दाराशी तुमी ऐकत व्हता म्हणून मीबी तीच सांगितली. चोवीस हाय ती. जवळ्याला उतरा, माघारी परभणीची बस तिथं मिळती. लोकांना काय सांगायचं ते मी बघते."